रिटर्न भरले, पण पडताळणी झाली का?



उसाचे उत्पन्न शेतीचे, त्यावर आयकर नाही. परंतु ज्यांना पेन्शन वा ठेवीचे व्याज मिळते, त्यांना 31 जुलै ही रिटर्नची तारीख सांभाळावी लागते. रिटर्न संगणकावर चढविले म्हणजे काम संपले, असे बरेच जण समजतात. तिथेच घोटाळा होतो.

रिटर्न चढविल्यापासून 30 दिवसांत पडताळणी करावी लागते. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, तो घातला की झाले. ते जमत नसेल तर आयटीआर-व्ही या पोचपावतीवर सही करून ती बेंगळुरूच्या केंद्रात 30 दिवसांच्या आत पोहोचेल अशी स्पीड पोस्टाने धाडावी.

समजा, एका सभासदाची पेन्शन 4,05,000 रुपये. 75,000 ची वजावट जाऊन राहिले 3,30,000. ठेवीचे व्याज 1,20,000. बँकेने 12,000 कापून घेतले. एकूण 4,50,000. नव्या करपद्धतीत सवलतीमुळे कर शून्य, म्हणून 12,000 परत मिळायचे. रिटर्न 28 जुलैला चढविले, पण ओटीपी राहून गेला. 27 ऑगस्टला मुदत संपली. पडताळणी झाली 5 सप्टेंबरला. आता रिटर्नची तारीख 5 सप्टेंबरच धरली जाते. उशिराचे 1,000 रुपये शुल्क लागते, अन् हाती 11,000 येतात.

म्हणून सल्लागाराकडून उठण्यापूर्वी एकच विचारा, "साहेब, पडताळणी झाली का?" झाली असेल तर पोर्टलवर तशी नोंद दिसते. ती डोळ्यांनी पाहूनच घरी यावे.