कॅबिनेट उघडताना

हिवाळ्यात विदर्भात स्वेटर काढला की चटचट आवाज होतो आणि दाराच्या कडीला हात लावला की झटका बसतो. तो जाणवतो तेव्हा अंगावर साधारण 3000 व्होल्ट साठलेले असतात. रॅम किंवा प्रोसेसर बिघडायला मात्र काही शे व्होल्टही पुरतात, म्हणजे नुकसान होतं तेव्हा हाताला काहीच कळत नाही. कधी भाग लगेच मरत नाही. काही आठवड्यांनी संगणक अधूनमधून अडकायला लागतो आणि दोष विंडोजला दिला जातो.

यावर नेहमीचा सल्ला असा की पिन सॉकेटमध्येच ठेवावी, फक्त बटण बंद करावं, म्हणजे अर्थिंग टिकतं. पण आपल्याकडच्या कित्येक जुन्या घरांत सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे तारच नसते. चालू संगणकाच्या धातूला हात लागल्यावर मुंग्या येत असतील तर बहुधा हेच कारण असतं. त्यामुळे पिन सरळ काढावी आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलेला वीजसाठा संपू द्यावा. मग रंग नसलेल्या उघड्या धातूला हात टेकवावा. हात आणि कॅबिनेट एकाच पातळीवर आले की ठिणगीला कारण उरत नाही. खुर्चीवरून उठून परत आल्यावर हे पुन्हा करायचं. मनगटाला पट्टा बांधत असाल तर तो तयारच घ्यावा. त्यात 1 मेगाओमचा रोध असतो, म्हणून चुकून 230 व्होल्टला हात लागला तरी पट्ट्यातून जेमतेम पाव मिलिअँपिअर वीज वाहते. घरच्या तारेने बनवलेल्या पट्ट्यात हे संरक्षण नसतं.

स्क्रूचा घोटाळा वेगळा.

समजा, मोठा एटीएक्स बोर्ड काढून त्याच कॅबिनेटमध्ये लहान मायक्रो-एटीएक्स बोर्ड बसवला. बटण दाबलं की पंखा जरासा हलतो आणि थांबतो. अशा वेळी एसएमपीएसला कुठेतरी शॉर्ट जाणवलेला असू शकतो आणि तो स्वतःहून बंद होतो. पुन्हापुन्हा बटण दाबू नये. बोर्ड बाहेर काढून कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवावा आणि प्रोसेसर, त्याचा पंखा व एकच रॅम लावून पाहावं. रॅम कडेने धरावी, सोनेरी पट्टीला बोट लावू नये. बोर्ड ज्या चंदेरी पिशवीतून येतो तिच्यावर ठेवून तो चालू करू नये. त्या पिशवीतून थोडीफार वीज वाहू शकते.

पुठ्ठ्यावर बोर्ड नीट सुरू झाला तर संशय कॅबिनेटवर येतो. पाठीमागे पितळी स्टँडऑफ मोजावेत. जुन्या बोर्डासाठी लावलेला एखादा, नव्या बोर्डाला त्या जागी भोकच नसल्याने, खालच्या सोल्डरच्या टोकांना चिकटलेला सापडतो. तो काढला की काम होतं. नसेल सापडला तर कॅबिनेट आडवं करून हलवावं आणि कुठे खुळखुळ होते का ऐकावं. पडलेला स्क्रू बोर्डाखाली सरकून अगदी हेच करतो.