कॉर्डबाहेरचे सूर

‘छाया’ (1961) या चित्रपटातलं ‘इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा’ हे गाणं बहुतेकांच्या कानांत आहे. सलिल चौधरींनी त्याची चाल मोझार्टच्या चाळीसाव्या सिंफनीवरून घेतली. मोझार्टने ती सिंफनी 1788 साली लिहिली. मूळ सिंफनीची सुरुवात ऐका. खाली व्हायोलांचा दबका, सळसळता ठेका सुरू होतो आणि त्यावर व्हायोलिनं येतात. सरगमात सांगायचं तर ती असं म्हणतात: ध प प, ध प प, ध प प, आणि मग झेप घेऊन वरचा ग. यातले ध आणि ग कोमल आहेत.

ही धून चालू असताना खाली सा, कोमल ग आणि प या तीन सुरांचा कॉर्ड आहे. त्यात ध नाही. म्हणजे जी धून जगाच्या तोंडी बसली, तिचा पहिलाच सूर कॉर्डबाहेरचा आहे. तो काढून नुसतं ‘प प प’ वाजवून पाहा. चूक काहीच होत नाही, पण चालही उरत नाही.

नुसत्या कॉर्डमधल्या सुरांची चाल बिगुलासारखी वाजते, कारण सा, ग, प यांच्यामध्ये मोठी अंतरं असतात आणि प्रत्येक वेळी उडी मारावी लागते. मोझार्ट त्या वरच्या कोमल ग वर पोहोचल्यावर लगेच ग रे सा असा खाली उतरतो. ग आणि सा कॉर्डमधले, रे बाहेरचा. तो दोघांच्या मधून एकाच दिशेने निघून जातो, म्हणून त्याला पासिंग नोट म्हणतात. मात्रेच्या उत्तरार्धात येऊन तो पटकन सरतो आणि कानाला तो खटकत नाही.

ध ची गोष्ट वेगळी. दुसऱ्यांदा तो येतो तेव्हा त्याच्या अलीकडेही प आहे आणि पलीकडेही प. घरातून शेजारी डोकावून परत यावं तशी ही हालचाल, म्हणून तो नेबर नोट. पण प्रत्येक जोडीत मात्रा ध वर सुरू होते आणि प मागून येतो. त्यामुळे तो नुसता डोकावत नाही, प वर किंचित भार टाकतो. त्या धुनेतली हुरहूर मला तरी या भारातच सापडते.

हाच भार ठेक्याच्या जोरकस मात्रेवर नेऊन ठेवला की अपोजिआतुरा होतो. तो बहुधा उडी मारून येतो आणि एका पायरीने कॉर्डमधल्या सुरावर उतरतो. क्षणभर ताण, मग सुटका. बीटल्सचं ‘यस्टरडे’ (1965) आठवा. गाण्याचा पहिला शब्द रे सा सा असा आहे. गिटारवर सा चा कॉर्ड आहे आणि पॉल मॅकार्टनी पहिल्याच मात्रेवर रे गातात. तो अर्धी मात्राच टिकतो आणि सा वर येतो, पण पूर्ण गाण्याचा स्वभाव तिथेच ठरतो. त्या जागी सा सा सा गाऊन पाहिलं तर फरक लगेच कळेल.

अठराव्या शतकात हा सूर अनेकदा मुख्य सुराच्या अलीकडे बारीक अक्षरात लिहीत. दिसायला किरकोळ, पण मोझार्टचे वडील लिओपोल्ड यांनी 1756 च्या आपल्या व्हायोलिनच्या पुस्तकात त्याला मुख्य सुराचा निम्मा वेळ द्यायला सांगितलं आहे. मुख्य सूर दीडपट लांबीचा असेल तर दोन तृतीयांश! आपल्या रागसंगीतात कॉर्डच नसल्यामुळे हे हिशोब तिथे लावू नयेत. कणस्वर ऐकायला जवळचा वाटला तरी त्याचं काम निराळं आहे.

कीबोर्डवर गाणी बसवणारे इथे हमखास अडकतात. चालीत कॉर्डबाहेरचा सूर दिसला की ते कॉर्डच बदलतात. दर सुराला नवा कॉर्ड आला की चाल अडखळत चालते, कारण प्रत्येक सूर स्थिर होतो आणि पुढे जायची ओढ कुणालाच उरत नाही. रे हा सा-ग-प च्या कॉर्डवर पाहुणा आहे, पण प-नि-रे च्या कॉर्डवर घरचाच. दुसरी अडचण साथीची. चालीत जोराने म घेऊन तो शुद्ध ग वर उतरवायचा असेल, तर त्याच सप्तकात, अगदी शेजारी, डाव्या हाताने ग आधीच वाजवू नये. अर्ध्या सुराच्या अंतरावर दोघं एकमेकांवर घासतात आणि म उतरायच्या आधीच त्याची जागा भरलेली असते. डाव्या हातात तेवढ्यापुरते सा आणि प ठेवावेत.

संशय आला तर एक करावं. चार मात्रा एकच कॉर्ड दाबून ठेवून चाल सावकाश गावी. परका सूर पुढच्या पायरीवर कॉर्डमध्ये मिसळत असेल तर त्याला हात लावू नये. तो मिसळत नसेल आणि त्याच्यावरच मुक्काम पडत असेल, तर मात्र तिथे खरोखर कॉर्ड बदलायला हवा.