एक लाख झाले, आता बोलायचं काय?

शिवणकाम शिकवणाऱ्या एखाद्या ताईंचं उदाहरण घेऊ. यूट्यूबवर त्यांचे एक लाख सबस्क्रायबर झाले आणि आभाराचा व्हिडिओ करायला त्या बसल्या. पहिल्या खर्ड्यात बहुतेकांकडून असं काहीतरी लिहिलं जातं: “मित्रांनो, आज स्वप्न पूर्ण झालं. खूप अडचणी आल्या, रात्ररात्र जागले, पण मी हार मानली नाही.”

यात खोटं काहीच नाही. तरी ऐकणाऱ्याला ते खटकतं, कारण आभार प्रेक्षकांचे असताना प्रत्येक वाक्य ‘मी’भोवतीच फिरतं. शेवटी “हे सगळं तुमच्यामुळेच” असं जोडूनही फरक पडत नाही. तुमच्यामुळे म्हणजे नेमकं कशामुळे, ते कुणालाच कळत नाही.

उपाय जुन्या कमेंटमध्ये सापडतो. खर्डा लिहिण्याआधी तासभर त्या चाळायच्या आणि जिच्यामुळे कामात खरंच बदल झाला, अशी एक निवडायची. या ताईंना कुणीतरी विचारलेलं असतं, “हात वर केला की ब्लाउज वर का सरकतो?” मग खर्डा असा होतो:

“एका मैत्रिणीने विचारलं होतं, ब्लाउज वर का सरकतो. मी दाखवलेला मुंढा जास्त खोल होता, चूक माझी होती. तो अर्धा इंच वर घेऊन मी पुन्हा कापून दाखवला. आज आपण एक लाख जण आहोत. असे प्रश्न विचारणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. मंगळवारी बोटनेकचा गळा शिकूया.”

मोजून पाहिलं तर हे अर्ध्या मिनिटाच्या आत संपतं. आकडा एकदाच येतो, तोही मध्ये. तो थंबनेलवर दिसतच असतो. चुकीची कबुली खरी असल्यामुळे कौतुक आपोआप प्रश्न विचारणारीकडे जातं. तिचं नाव मात्र विचारल्याशिवाय घेऊ नये. ब्लाउजच्या मापाबद्दलचा प्रश्न हजारोंसमोर आपल्या नावाने वाचला जावा, असं प्रत्येकीला वाटेलच असं नाही.

कष्ट सांगूच नयेत, असं नाही. फक्त ते दिसतील असे सांगावेत. “रात्ररात्र जागले” यापेक्षा “शेजारचा मिक्सर थांबेपर्यंत रेकॉर्डिंग अडायचं” हे जवळचं वाटतं.

एक लाखाला मिळणाऱ्या चंदेरी बटणाचीही वाट पाहू नये. यूट्यूब आधी चॅनेल तपासतं आणि मग ते पाठवतं, त्यात वेळ जातो. शिवाय बटण हातात आलं की व्हिडिओ खोका उघडण्याचा होतो आणि आभार बाजूला पडतात. ते नंतर मागच्या भिंतीवर टांगलेलं दिसलं तरी पुरतं.

खर्डा तयार झाला की तो मोठ्याने वाचावा, ‘मी’ आणि ‘माझं’ यांखाली रेघ मारावी. चूक सांगणारा ‘मी’ ठेवावा, पराक्रम सांगणारा काढावा.