घर एक, क्षेत्रफळे तीन!

लोहमार्गाने तळेगावहून लोणावळ्याकडे जाताना नव्या इमारतींच्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. ‘६२९ चौरस फूट’ असे त्यांपैकी एकीवर लिहिले आहे, असे समजू. घरात शिरून मोजले, तर एवढी जमीन मिळेल का? नकाशा घेऊन पाहू या.

हे घर आयताकृती आहे. बाहेरच्या भिंतींच्या आतील बाजूंमधले अंतर ८ मीटर आणि ५ मीटर आहे. म्हणून चटईक्षेत्र (कार्पेट एरिया) ८ × ५ = ४० चौरस मीटर. येथे एक गंमत आहे. खोल्यांची क्षेत्रफळे वेगवेगळी काढून बेरीज केली, तर ती ३९.१ च येते. उरलेले ०.९ चौरस मीटर आतल्या भिंतींखाली गेले : ९ मीटर लांबी × ०.१० मीटर जाडी. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार या आतल्या भिंती चटईक्षेत्रात धरतात. बाहेरच्या भिंती, नळांच्या उभ्या पोकळ्या, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत. डोंगर दिसणारी लोणावळ्याची मोठी बाल्कनी कितीही आवडली, तरी ती चटईक्षेत्र नव्हे.

आता बांधीव क्षेत्र (बिल्ट-अप एरिया). बाहेरची भिंत २० सेंटिमीटर जाडीची आहे. एका आखूड बाजूची भिंत शेजाऱ्याशी सामाईक असल्याने तिची निम्मीच जाडी आपल्या वाट्याला येते. म्हणून लांबी ८ + ०.२० + ०.१० = ८.३० आणि रुंदी ५ + ०.२० + ०.२० = ५.४० मीटर. गुणाकार ४४.८२. त्यात ३ × १.२ मीटरच्या बाल्कनीचे ३.६ मिळवले, की ४८.४२ चौरस मीटर झाले.

मजल्यावर अशी चार घरे आहेत. जिना, लिफ्ट व मार्गिका मिळून ४० चौरस मीटर. प्रत्येकाचा वाटा १०. म्हणजे सुपर बिल्ट-अप क्षेत्र ५८.४२ चौरस मीटर. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. गुणून पाहा : ६२९! चटईक्षेत्र मात्र ४३१ चौरस फूटच आहे. उद्या वाट्यात व्यायामशाळाही धरली, तर आकडा आणखी फुगेल, पण घरात एकही फरशी वाढणार नाही. सुपर बिल्ट-अपची व्याख्या या कायद्यात नाही. म्हणून दोन घरांच्या किमतींची तुलना चटईक्षेत्रावरच करावी.

एक सावधगिरी बाळगा. १:१०० च्या नकाशावर पट्टी लावताना १ मिलिमीटर चुकले, तर प्रत्यक्षात १० सेंटिमीटर चुकतात. दोन्ही बाजू तेवढ्या जास्त धरल्या, तर ८.१ × ५.१ = ४१.३१, म्हणजे १४ चौरस फूट हवेतून आले! छायाप्रत २ टक्क्यांनी आक्रसली असेल, तर क्षेत्रफळ सुमारे ४ टक्क्यांनी कमी भरते, कारण लांबी आणि रुंदी दोन्ही आक्रसतात. तेव्हा पट्टीपेक्षा नकाशावर लिहिलेल्या मापांवर विसंबा, आणि शक्य असेल तेव्हा टेप घेऊन एक खोली प्रत्यक्ष मोजून पाहा.