प्राध्यापकांना पाठवायच्या ईमेलचा दुसरा परिच्छेद

एम.टेक.च्या प्रबंधाचे दिवस जवळ आले की मला एकाच घडणीचे ईमेल येऊ लागतात. ‘आदरणीय सर, शेती हा आपल्या देशाचा कणा आहे. मला मशीन लर्निंगची खूप आवड आहे. आपल्या मार्गदर्शनाखाली पिकांवरील रोग ओळखण्याच्या विषयावर प्रबंध करायचा आहे. बायोडेटा जोडला आहे.’ यात चुकीचं काहीच नाही. पण हाच मजकूर दहा प्राध्यापकांना जसाच्या तसा पाठवता येतो आणि तो वाचून मुलाला नेमकं काय करायचं आहे, हे दहापैकी एकालाही कळत नाही.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने असा ईमेल पाठवण्याआधी मला दाखवायला आणला. ती दिंडोरी तालुक्यातली, घरची द्राक्षबाग. तिच्या मसुद्यात दुसऱ्या परिच्छेदात एक ठोस वाक्य होतं: ‘प्लँटव्हिलेज या खुल्या फोटोसंग्रहावर मॉडेल शिकवून द्राक्षावरील रोग ९९ टक्के अचूकतेने ओळखणार.’

मी विचारलं, ‘तुमच्या बागेत कोणते रोग येतात?’

‘डाउनी आणि भुरी, सर. हवा पावसाळी असली की करपा.’

मग आम्ही तो संग्रह उघडला. त्यात १४ पिकांच्या पानांचे ५४,३०६ फोटो आहेत आणि द्राक्षाचे चार गट: ब्लॅक रॉट, एस्का, पानांवरचा एक करपा आणि निरोगी पान. डाउनी नाही, भुरीही नाही. ज्या दोन रोगांसाठी तिचे वडील हंगामभर फवारण्या करतात, ते तिचं मॉडेल कधी पाहणारच नव्हतं. डाउनीचं पान समोर आलं, तरी त्या चारांपैकीच एखादं नाव त्याने दिलं असतं.

९९ हा आकडा मात्र खरा आहे. २०१६ साली मोहंती, ह्यूज आणि सालाथे यांच्या शोधनिबंधात याच संग्रहावर ९९.३५ टक्के अचूकता मिळाली होती. पण त्याच निबंधात त्यांनी प्रामाणिकपणे पुढची गोष्टही लिहिली आहे: इतर ठिकाणांहून घेतलेले, वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिल्यावर अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली. संग्रहातली पानं तोडून, करड्या किंवा काळ्या कागदावर ठेवून टिपलेली होती. बागेत पान वेलीवर असतं, त्याच्यामागे दुसरी पानं, तार, माती, ऊन-सावली असते. २०२२ साली नोयान यांनी आणखी एक साधी परीक्षा घेतली. प्रत्येक फोटोतल्या पार्श्वभूमीचे फक्त आठ ठिपके त्यांनी मॉडेलला दिले, पान दाखवलंच नाही. तरी ३८ गटांतला बरोबर गट ४९ टक्के वेळा सापडला. नुसत्या अंदाजाने ते तीन टक्केही जमलं नसतं. एकेका गटाचे फोटो एकाच बैठकीत, एकाच उजेडात काढलेले असले की कागदाच्या रंगावरूनच रोगाचं नाव फुटतं.

हे कळल्यावर ती गप्प झाली. मी म्हटलं, ‘विषय सोडू नकोस, प्रश्न बदल.’ रोग ओळखता येतो का, हा प्रश्न जुना झाला. एका बागेत शिकलेलं मॉडेल न पाहिलेल्या बागेत किती टिकतं, हा प्रश्न तिचा होऊ शकत होता, कारण बागा तिच्या ओळखीच्या होत्या.

मग आकडे मांडले. नात्यातल्या आणि शेजारच्या मिळून सहा बागा, प्रत्येकीत तीन फेऱ्या, दर फेरीला शंभर फोटो, म्हणजे १,८०० फोटो. संग्रह छोटा आहे, पण आधी इतर चित्रांवर शिकलेलं मॉडेल घेऊन पुढे शिकवायला पुरतो. कळीचा मुद्दा वाटणीचा. सगळे फोटो एकत्र पिसून थोडे परीक्षेसाठी बाजूला काढले, तर एकाच वेलीवरचं एक पान शिकवण्यात आणि शेजारचं परीक्षेत येतं. पेपर आधीच फुटलेला असतो, गुण चांगलेच पडणार. त्यामुळे वाटणी बागेनुसार हवी: पाच बागांवर शिकवायचं, सहावीवर तपासायचं, असं सहा वेळा.

बागेतल्या लबाड खुणाही तिनेच सांगितल्या. बोर्डो मिश्रण फवारलं की पानावर निळसर डाग राहतात. रोगट पानांचे फोटो फवारलेल्या बागेतले आणि निरोगी पानांचे न फवारलेल्या बागेतले असतील, तर मॉडेल डाउनीऐवजी निळा रंग शिकेल. म्हणून प्रत्येक बागेतून दोन्ही प्रकारची पानं घ्यायची आणि शेवटच्या फवारणीची तारीख टिपून ठेवायची. डाउनीचा वरचा पिवळसर, तेलकट डाग सुरुवातीला फसवतो. पान उलटून खाली पांढरी बुरशी दिसली की खात्री पटते. म्हणजे प्रत्येक पानाचे दोन फोटो, आणि ते दोन्ही वाटणीत एकाच बाजूला. पानाला रोगाचं नाव तिने एकटीने द्यायचं नाही. द्राक्षातल्या जाणकार दोघांनी वेगवेगळं द्यायचं, आणि त्यांचं जिथे पटणार नाही ती पानं वेगळी मोजायची.

अचूकतेच्या एका आकड्यावरही तिला थांबवलं. शंभर पानांत पाचच रोगट असतील, तर प्रत्येक पानाला ‘निरोगी’ म्हणणारं मॉडेलही ९५ टक्के बरोबर ठरतं आणि एकही रोगट पान पकडत नाही. त्यापेक्षा रोगट पानांपैकी किती सुटली आणि निरोगी पानांवर किती वेळा उगाच इशारा दिला, हे दोन आकडे सांगायचे. पहिल्या चुकीत घड जातो, दुसरीत फवारणीचा खर्च.

एवढं झाल्यावर ईमेल लिहायला अर्धा तास लागला. ईमेल अर्थात इंग्रजीत गेला, त्याचा गाभा असा होता:

‘विषय: एम.टेक. प्रबंधासाठी मार्गदर्शनाची विनंती – द्राक्षावरील डाउनी, बागेनुसार चाचणी

आदरणीय मॅडम, कापसाच्या पानांवरील आपला शोधनिबंध मी वाचला. त्यात चाचणीचे फोटो वेगळ्या शेतांतून घेतले आहेत. तसंच काम मला द्राक्षावरील डाउनीसाठी करायचं आहे. दिंडोरीतील सहा बागायतदारांनी फोटो काढू देण्याचं कबूल केलं आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर तीन फेऱ्यांत सुमारे १,८०० फोटो होतील. एका बागेवर न शिकता तिथे मॉडेल किती चुकतं, हे मोजायचं आहे. मला पायथॉन येतं, छोट्या मॉडेलवर काम केलं आहे. वनस्पतिरोगशास्त्र मला येत नाही, पानांची नावं पक्की करायला जाणकारांची मदत लागेल. याबद्दल बोलायला आपण वीस मिनिटं देऊ शकाल का?’

न येणारी गोष्ट सांगणारं वाक्य ती खोडायला निघाली होती. मी ठेवायला लावलं. मार्गदर्शकाला नेमकं तेच हवं असतं: आपली मदत कुठे लागेल आणि आपल्या ओळखीत ती कोण करू शकेल. मॅडमचं उत्तर चौथ्या दिवशी आलं. पहिलाच प्रश्न होता, ‘छाटणी कधी आहे?’

संगणकातला दुसरा कुठलाही प्रबंध महिनाभर पुढे ढकलता येतो, शेतीतला येत नाही. नाशिककडे फळछाटणी बहुतेक सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. नवी फूट आल्यावर पाऊस किंवा दव पडलं की डाउनीचे दिवस सुरू होतात आणि तुमच्या फोटोंचेही. ते आठवडे हुकले तर पुढचे फोटो वर्षाने. मार्गदर्शकाचा होकार, बागायतदारांची परवानगी आणि पानांना नावं देणारी माणसं छाटणीआधी ठरलेली हवीत. द्राक्षावर काम करायचं असेल, तर ईमेल जुलैतच पाठवा, आणि आठ-दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा नम्रपणे आठवण करून द्या.