प्रश्न विचारून गप्प राहणारा वक्ता

रस्ता सुरक्षा सप्ताहानिमित्त गोव्यातील एखाद्या उच्च माध्यमिक विद्यालयाच्या सभागृहात सहाशे मुले बसली आहेत असे समजू. दीपप्रज्वलन, स्वागत, परिचय आणि पुष्पगुच्छ आटोपेपर्यंत त्यांचा धीर सुटलेला असतो. प्रमुख वक्ता ध्वनिक्षेपकापाशी येतो तेव्हा सभागृहात सलग गुणगुण चालू असते. सूत्रसंचालक ‘शांत बसा’ असे दोनदा बजावतात, ध्वनियंत्रणेचा आवाज वाढवला जातो, आणि त्यासोबत गोंगाटही वाढतो.

यात सगळा दोष मुलांच्या वांडपणाचा नसतो. भोवतीचा आवाज वाढला, की बोलणारा माणूस नकळत आपलाही आवाज चढवतो. एतिएन लाँबार या फ्रेंच वैद्याने १९११ मध्ये हे दाखवून दिले आणि या परिणामाला त्याचेच नाव मिळाले. शेजाऱ्याशी कुजबुजणारा मुलगा कर्ण्यातून येणाऱ्या आवाजावर मात करण्यासाठी मोठ्याने बोलू लागतो. ओरडणारा वक्ता त्या कुजबुजीला आडोसाच देत असतो. तो गप्प झाला, की आडोसा जातो आणि बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज ऐकू येऊ लागतो.

परंतु नुसते गप्प उभे राहून भागत नाही. त्या मौनाचा अर्थ मुले ‘भाषण अजून सुरू झालेले नाही’ असा घेतात. मौनाआधी प्रश्न आला, तर मात्र ते वाट पाहणारे मौन होते. रोजच्या संभाषणात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग जातो. त्यामुळे प्रश्नानंतरची तीन-चार सेकंदे कानाला फार लांब वाटतात, आणि ‘काय झाले?’ म्हणून माना वर होतात.

प्रश्न कोणता, यावर सारे अवलंबून आहे. ‘माझा आवाज येतोय ना?’ असे विचारले, तर सहाशे कंठांतून ‘होऽऽ’ येणारच. ‘हेल्मेट घालायला हवे की नको?’ याचीही तीच गत. हो किंवा नाही या उत्तराचा प्रश्न ओरडण्याला आमंत्रण देतो. हवा तो आठवायला लावणारा प्रश्न, ज्याचे उत्तर प्रत्येकाचे वेगळे असते. उदाहरणार्थ, ‘आज सकाळी घरातून निघताना तुम्ही शेवटचे शब्द कोणाशी बोललात?’ याचे उत्तर एका सुरात देता येत नाही, कारण ते आधी मनातल्या मनात शोधावे लागते.

सभागृहातला गोंगाट लाटेसारखा चढतो आणि उतरतो. जाणता वक्ता ती लाट ओसरू देतो आणि मग नेहमीच्या आवाजात, सावकाश प्रश्न विचारतो. वाक्याच्या शेवटी सूर चढवला, तर उत्तर मागितल्यासारखे होते, म्हणून तो खाली आणायचा. टणक भिंतींच्या सभागृहात शेवटचे अक्षर सेकंदभर घुमते. ते विरल्यावर मनात चारपर्यंत मोजायचे. त्या वेळात पाय हलवायचे नाहीत, कागद चाळायचे नाहीत, नजर मधल्या रांगांवर ठेवायची. सर्वांत दंगेखोर कोपऱ्याकडे पाहिले, तर तोच कोपरा रंगमंच होतो. शांतता बहुधा पुढच्या रांगांतून मागे सरकते. शेवटच्या रांगेत प्रश्न नीट पोहोचला नसला, तरी पुढचे गप्प का झाले या कुतूहलाने तिथलेही थांबतात.

फसगत होते ती बहुतेक दुसऱ्या सेकंदाला. वक्त्याला स्वतःचेच मौन असह्य होते, आणि ‘काय? आठवतंय का? सांगा बघू!’ असे म्हणून तो बांध फोडतो. अमेरिकेतील मेरी बड रो यांनी वर्गांचे निरीक्षण केले, तेव्हा प्रश्न विचारून शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत असल्याचे त्यांना आढळले. वर्गात जे होते, तेच व्यासपीठावरही होते. मागून कोणी ‘कंडक्टरशी!’ असे ओरडले आणि हशा पिकला, तरी बिघडत नाही. किंचित हसून हशा ओसरू द्यायचा. प्रश्न पुन्हा विचारायचा नाही.

मौन मोडणारे वाक्य पहिल्यापेक्षा हळू आवाजात आणि त्या प्रश्नालाच धरून हवे: ‘ज्याच्याशी बोललात, तो माणूस संध्याकाळी तुमची वाट पाहणार आहे.’ तेथून हेल्मेटकडे वळायला वेळ लागत नाही. याऐवजी ‘सन्माननीय व्यासपीठ’ सुरू झाले, तर मुलांना फसवल्यासारखे वाटते, आणि गुणगुण परत आली की हा उपाय दुसऱ्यांदा तितका लागू पडत नाही.

कीर्तनकाराची सोय वेगळी. सभामंडप विस्कळीत झाला, तर तो गजर घेतो आणि टाळ-तबला श्रोत्यांना गोळा करून आणतात. व्याख्यात्यापाशी तसे काही नसते. पंखे बंद आहेत, पाहुणे तासभर उशिरा आले, मधली सुट्टी भाषणात गेली, अशा वेळी मुलांची चुळबुळ अंगातून आलेली असते आणि तिथे कोणताही प्रश्न चालत नाही. मग आधी पंखे सुरू करून घ्यावेत, भाषण दहा मिनिटांत आटोपेल असे सांगावे आणि ते खरोखरच दहा मिनिटांत आटोपावे.