कचऱ्याखालची ओली माती

कचराभूमीच्या तळाशी चिकणमाती दाबून बसवतात ती एकाच कामासाठी. कचऱ्यातून झिरपणारं काळं, घाण पाणी, म्हणजे लिचेट, विहिरींच्या पाण्यात उतरू नये. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी त्यासाठी मापं घालून दिली : मातीचा थर ९० सेंटिमीटर जाडीचा, त्याची पारगम्यता सेकंदाला सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागापेक्षा जास्त नको, आणि त्यावर दीड मिलिमीटर जाडीची एचडीपीईची चादर.

हा कोटीवा भाग किती, ते हिशोब केल्यावर कळतं. चादर नाही आणि थरावर ३० सेंटिमीटर लिचेट साचलेलं आहे असं धरा. अशा वेळी मातीतून वर्षाला साधारण सव्वाचार सेंटिमीटर पाणी खाली जातं. ऐकायला थोडं, पण एका हेक्टरला ते सव्वाचार लाख लिटर होतं, म्हणजे दहा हजार लिटरचे बेचाळीस टँकर. मर्यादा पाळूनही एवढं! म्हणून वर चादर हवीच. आणि चादरीला कुठे भोक पडलं तर खालची माती ते सांभाळून घेते. माती दहापट पाझरणारी निघाली, तर टँकरही दहापट.

आणि दहापट फरक पडायला माती बदलावी लागत नाही. डेव्हिड डॅनियल या अमेरिकी अभियंत्यानं १९८४ साली प्रत्यक्षात बांधलेल्या काही थरांचा अभ्यास मांडला. जागेवरची पारगम्यता प्रयोगशाळेतल्या आकड्यापेक्षा दहापट ते हजारपट जास्त निघाली होती. प्रयोगशाळेत वाटीएवढा, नीट तयार केलेला नमुना तपासला जातो. जागेवर पाणी त्या नमुन्यातून जात नाही. ते भेगांतून, दोन थरांच्या सांध्यातून आणि ढेकळांच्या मधल्या फटींतून वाट काढतं.

ढेकूळ हाच या कामातला खरा शत्रू. खाणीतून आलेली चिकणमाती कोरडी असेल तर तिची ढेकळं दगडासारखी असतात. रोलर फिरला की ती एकमेकांना टेकतात, पण मोडत नाहीत. माती पुरेशी ओली असेल तर तीच ढेकळं मऊ पडून एकमेकांत मिसळतात आणि मधल्या फटी बुजतात. म्हणून माती आधी फोडून, पाणी मारून, ते आतपर्यंत मुरायला वेळ द्यावा लागतो. टँकर फिरवून लगेच रोलर चालवला तर फक्त वरची कातडी ओली होते.

इथेच रस्त्याच्या कामाची सवय आडवी येते. समजा प्रॉक्टर चाचणीत मातीची कमाल कोरडी घनता १.६२ आली, ती २२ टक्के ओलाव्याला. साईटवर एका ठिकाणी घनता १.६० आणि ओलावा २० टक्के मिळाला. दुसऱ्या ठिकाणी घनता १.५६, ओलावा २५. रस्तेवाला पहिल्यावर खूश होईल, जवळजवळ ९९ टक्के दाब! पण तळाच्या थरासाठी पहिली जागा नापास आणि ९६ टक्क्यांची दुसरी पास. कोरड्या बाजूला दाबलेली माती घट्ट असूनही ओल्या बाजूच्या मातीपेक्षा दहा-शंभरपट जास्त पाझरू शकते. म्हणून नुसता ‘९५ टक्के’ लिहिलेला तपासणी अहवाल माझ्या मते अर्धाच अहवाल. ओलाव्याचा आकडा शेजारी हवाच. अर्थात फार ओलं करूनही चालत नाही, रोलर रुततो आणि थराची ताकद जाते.

थर साधारण १५ सेंटिमीटरचे घालतात, तेही दाबल्यानंतर. रोलर पायांचा लागतो, ज्याला शीप्सफूट म्हणतात. त्याचे पाय नव्या थरातून आरपार जाऊन खालच्या थरात घुसले पाहिजेत, तरच सांधा उरत नाही. गुळगुळीत ड्रमनं दाबलेल्या थरावर पुढचा थर टाकायचा असेल, तर आधी ती चकाकी खरवडून काढायची. मोठं काम सुरू करण्याआधी त्याच मातीचा, त्याच रोलरनं एक चाचणी-चौथरा बांधून त्यावर बंदिस्त दुहेरी कड्यांनी पाणी मुरण्याचा वेग मोजतात. त्याला काही आठवडे किंवा महिनेही जातात, म्हणून ठेकेदाराला तो नकोसा असतो. पण पाणी मोठ्या क्षेत्रातून कसं जातं हे त्यातच दिसतं.

महाराष्ट्रातली काळी माती सहज मर्यादेत बसते, आणि तितक्याच सहज तडकते. वैशाखातल्या उन्हात उघडा राहिलेला थर एका दुपारीत भेगाळू शकतो. कामाच्या शेवटी वरचा थर झाकायचा, ओला ठेवायचा, आणि भेगा दिसल्याच तर तेवढी माती उकरून, भिजवून पुन्हा दाबायची. वरून पाणी मारून भेगा मिटल्यासारख्या दिसतात, तेवढ्यावर भागवायचं नाही.

तपासणीच्या माणसानंच पाडलेलं भोकही विसरून चालत नाही. नमुन्याची नळी ठोकून बाहेर काढली की थरात आरपार नाही तरी वीतभर खड्डा उरतो. तो बेंटोनाइट किंवा त्याच ओल्या मातीनं ठासून भरायचा, आणि भरल्याची नोंद त्याच दिवशी वहीत करायची.